कौटुंबिक सायकल मोहीम: अंतर आखताना या चुका टाळा

एखाद्या संस्थेसाठी निधी गोळा करण्याच्या निमित्ताने आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे सायकलवर निघणार असतील, तर आखणीतली पहिली चूक बहुधा वेगाच्या हिशेबात होते. घरातला तरुण ताशी पंधरा-अठरा किलोमीटरने जातो आणि तोच वेग सगळ्यांचा धरला जातो.

मांडवा ते मुरूड ही तीन दिवसांची वाट घेऊ. पहिल्या दिवशी मांडवा ते अलिबाग सुमारे २० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी अलिबाग ते काशीद सुमारे ३० आणि तिसऱ्या दिवशी काशीद ते मुरूड सुमारे १८. दुसरा दिवस कागदावर दोन तासांचा दिसतो. प्रत्यक्षात दहा वर्षांचे मूल बिनगिअरच्या छोट्या सायकलवर असेल, तर सपाटीवर ताशी दहा आणि चढावर त्याहूनही कमी वेग धरावा लागतो. जानेवारीत सकाळी सातला निघून चौल-रेवदंड्याच्या वाड्यांमधला सपाट, सावलीचा रस्ता दोन छोट्या थांब्यांसह पार करायला नऊ वाजतात. तिथे पाऊण तास न्याहारी केली आणि साळावचा पूल ओलांडून पुढचे चढउतार वाटेत दोनदा थांबत पार केले, की काशीदला पोहोचेपर्यंत पावणेबारा होतात. चढ आणि ऊन दोन्ही उत्तरार्धात येत असल्यामुळे उशिरा निघणे येथे महागात पडते. अलिबागहून निघायला नऊ वाजले, तर त्या दिवशी रेवदंड्यालाच मुक्काम करणे शहाणपणाचे.

दुसरी चूक थांब्यांची आहे, आणि ती सहसा लक्षातही येत नाही. पुढचे स्वार टपरीवर पोहोचून चहा घेतात आणि मागचे येताच ‘चला’ म्हणून उठतात, त्यामुळे ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते त्यालाच ती मिळत नाही. थांब्याची दहा मिनिटे शेवटचा स्वार सायकलवरून उतरल्यानंतर मोजावीत. थांबे किलोमीटरवर न ठरवता दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी, शक्यतो चढाच्या आधी आणि सावलीत घ्यावेत. बडबडे मूल गप्प झाले, त्याची सायकल डुगडुगू लागली किंवा आजोबा वारंवार सीटवरून उठू लागले, तर ठरलेल्या वेळेची वाट पाहू नये.

राहता राहिला निधी. देणगी ‘दर किलोमीटरमागे’ मागितली, की थकलेले मूल उरलेल्या पैशांच्या काळजीने सायकलवरून उतरत नाही आणि मोठ्यांनाही त्याला सोबतच्या गाडीत बसवणे जिवावर येते. म्हणून रक्कम संपूर्ण मोहिमेसाठी ठोक ठरवावी, आणि कोणी काही टप्पे गाडीतून केले तरी ती बदलणार नाही, हे देणगीदारांना आधीच लेखी कळवावे.