उपदेशाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य: माझा अनुभव

मंडळीत उपदेश द्यायला लागलो तेव्हा सुरुवात ठरलेली असायची, "आज आपण अमुक वचनावर मनन करणार आहोत", आणि ते वाक्य संपायच्या आतच निम्मे लोक मनाने उठून गेलेले दिसायचे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याचं (लूक १०:२५-३७) उदाहरण देतो, कारण ती गोष्ट सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे सुरुवात जमली की नाही ते तिथे लगेच कळतं.

दुसऱ्यांदा त्यावर बोलायची वेळ आली तेव्हा मी शास्त्रपाठ हळूहळू वाचत बसलो आणि ३१व्या ओवीत अडकलो, याजक त्या वाटेने "खाली" जात होता. यरुशलेम उंचावर आहे, म्हणजे हा मंदिराकडे निघालेला नव्हता, तिकडून येत होता. आपण कायम ऐकलेलं असतं की सेवेआधी विटाळ होईल म्हणून तो वाटेत पडलेल्या अर्धमेल्या माणसाला टाळून पुढे गेला, पण ओवी वाचली की ते कारण लंगडं पडतं. मग पहिलं वाक्य हेच ठेवलं, "याजक मंदिरात चालला नव्हता, तो तिकडून परत येत होता." आणि दोन श्वास गप्प राहिलो. लोकांनी बायबल उघडलं, कारण आता त्यांना स्वतःलाच प्रश्न पडला होता, मग तो थांबला का नाही?

शेवट मात्र मी आता सगळ्यात आधी लिहितो. पूर्वी म्हणायचो, प्रीती करूया, मदत करूया, प्रार्थना करूया, म्हणजे तीन कामं आणि एकालाही दिवस ठरलेला नाही. त्या आठवड्यात चार जणांना विचारलं की तुम्ही काय करायचं ठरवलंत, तर चौघांनी गोष्टच परत सांगितली. त्यावरून समजायचं की शेवट फसलाय.

म्हणून एकच क्रियापद, एकच माणूस, एकच वेळ. मी लिहिलं होतं, "ज्याला तुम्ही टाळताय त्याला आज फोन करा." मंडळीतल्या एका ताईंना आदल्या दिवशी वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, अहो, जिला नवरा मारतो आणि जी माहेरी येऊन राहिलीये तिने हे ऐकून काय करायचं? मी हादरलोच. आपलं वाक्य सगळ्यात दुखावलेल्या माणसाच्या कानाने एकदा ऐकून बघायचं हे तेव्हापासून सोडलेलं नाही. बदललं ते असं, "आजारी पडलेल्या ज्या एका माणसाची चौकशी राहून गेलीये, त्याला आज झोपायच्या आधी फोन करा."

त्यानंतर नाव आठवायला थोडी शांतता आणि लगेच प्रार्थना. इथे "अजून एक सांगतो" म्हटलं की आठवलेलं नाव गेलंच, आणि सूचनासुद्धा मी आता उपदेशाच्या आधीच उरकून घ्यायला सांगतो.

पण प्रत्येक शास्त्रपाठाला असं काम चिकटवू नका, स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तिथे लोकांना फक्त तेच स्तोत्र रात्री घरी एकदा मोठ्याने वाचायला सांगितलं होतं.