आठ विषय, सहा आठवडे आणि एक कोरा रविवार

आमच्या गुहागरच्या भाचीने दहावीला आठ विषय आठ दिवसांत फिरवायचं टाईमटेबल केलेलं, सगळ्यांना सारखा वेळ, म्हणजे बीजगणिताला जेवढा तेवढाच मराठीला, दहा दिवसांत बोंबललं.

मग असं केलं. दिवसाला दीड-दीड तासाचे तीन स्लॉट, सहा दिवस, म्हणजे आठवड्याला 18. त्यातले बीजगणित 3, भूमिती 3, विज्ञान 4 कारण त्याचे दोन भाग, इतिहास, भूगोल, इंग्रजी 2-2, मराठी-हिंदी 1-1. रविवार कोरा, आठवड्यात राहिलेलं तेवढंच. हा रविवार भरू नका हां, पाहुणे येतात, लाईट जाते, आणि शिमगा जवळ आला की वाडीत पालखीच्या गप्पा सुरू होतात, एक-दोन स्लॉट जाणारच. रविवारीही संपलं नाही तर पोर्शन जास्त धरलाय, तो कमी करा. गणित सकाळीच.

स्लॉटमधली शेवटची वीस मिनिटं पुस्तक बंद करून लिहायचं, प्रमेय, व्याख्या, आकृती जे असेल ते. नुसतं वाचलेलं सगळं येतंय असंच वाटतं, लिहिताना कळतं कुठे अडतंय.

असे चार आठवडे. पाचव्यात रोज अकराला घड्याळ लावून एक जुना पेपर, भाषेचा तीन तास, गणिताचा दोन, आणि संध्याकाळी फक्त चुकलेलं. सहाव्यात बोर्डाच्या वेळापत्रकाच्या उलट जायचं, शेवटचा पेपर आधी, पहिला पेपर सगळ्यात शेवटी, म्हणजे पहिल्या दिवशी तोच ताजा असतो.