तीस दिवस उलटले, उत्तर नाही: पहिलं अपील लिहिताना या चुका टाळा

माहिती अधिकारात अर्ज टाकला, महिना गेला, कार्यालयातून एक कागद नाही. अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा स्मरणपत्र लिहितात. मग दुसरं. सर्वांत महागात पडणारी चूक हीच. २००५ च्या कायद्यात स्मरणपत्र नावाचा प्रकारच नाही. मुदतीत उत्तर न देणं म्हणजे माहिती नाकारणं, असं कलम ७(२) सरळ सांगतं. त्या दिवसापासून अपिलाची तीस दिवसांची मुदत धावू लागते आणि तुमच्या स्मरणपत्रासाठी ती थांबत नाही. स्मरणपत्रांच्या नादात ती उलटून गेलेले अर्जदार माझ्याकडे नेहमी येतात. मुदत उलटली तरी पुरेसं कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, पण ‘साहेब उद्या देतो म्हणाले होते’ हे कारण टिकेलच असं नाही.

दुसरी चूक दिवस मोजण्याची. तीस दिवस अर्जावरच्या तारखेपासून किंवा पोस्टात टाकल्यापासून नाही, कार्यालयाला अर्ज मिळाल्यापासून मोजायचे. सुट्ट्या वजा होत नाहीत. समजा, तुमच्या नगरपरिषदेकडे गल्लीतल्या काँक्रीट रस्त्याचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिका आणि ठेकेदाराला दिलेल्या देयकांच्या प्रती मागितल्या. अर्जावर १ ऑगस्ट, पण स्पीड पोस्टने तो ५ ऑगस्टला पोचला. उत्तराची मुदत ४ सप्टेंबरला संपते. अपील ५ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत करायचं. १ सप्टेंबरलाच केलं, तर ‘मुदतपूर्व’ असा शेरा मारून ते निकाली काढायला कार्यालयाला आयतं निमित्त मिळतं. म्हणून पोस्टाच्या संकेतस्थळावर अर्ज पोचल्याची नोंद दिसते, तिची छापील प्रत लगेच काढून ठेवा. हातोहात दिला असेल तर आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच पुरते.

अधेमध्ये प्रतींचं शुल्क भरा असं पत्र आलं असेल, तर ते पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीतून वगळायचे. अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला असेल, तर त्या कार्यालयाला मिळाल्यापासून मोजा आणि अपीलही तिथल्याच अपिलीय अधिकाऱ्याकडे करा.

आता प्रत्यक्ष अपील. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या कार्यालयांसाठी ते जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून करतात. बँक, रेल्वे, टपाल अशा केंद्राच्या अखत्यारीतल्या ठिकाणी पहिल्या अपिलाला शुल्क नाही. अर्ज ऑनलाइन केला असेल तर त्याच पोर्टलवर, त्याच नोंदणी क्रमांकावरून अपील करा.

या नमुन्यात एक रकाना असतो: ज्या आदेशाविरुद्ध अपील आहे तो मिळाल्याचा दिनांक. आदेशच आलेला नाही म्हणून लोक तो कोरा सोडतात किंवा रेघ ओढतात, आणि कशाविरुद्ध अपील आहे तेच वाचणाऱ्याला कळत नाही. तिथे लिहा: ‘निर्णय मिळालेला नाही. कलम ७(२) नुसार माहिती नाकारल्याचे मानून अपील.’ त्याखाली अपिलाची अंतिम तारीख विचारतात. तिथे आपण काढलेली ४ ऑक्टोबर येते.

पुढचा रकाना अपिलाच्या कारणांचा, आणि सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. मनातला संताप या दोन-चार ओळींत उतरतो: अधिकारी भ्रष्ट आहेत, ठेकेदाराशी संगनमत आहे, त्यांना निलंबित करा, दंड करा. संताप खोटा नसतो. पण यातलं काहीही पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याच्या हातात नाही. दररोज २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपयांचा दंड फक्त माहिती आयोग करू शकतो, भरपाई द्यायला लावण्याचा अधिकारही आयोगाचाच. तक्रारींच्या गर्दीत मूळ मुद्दा हरवतो आणि आदेशात ‘अपीलकाराने मोघम आरोप केले आहेत’ एवढंच उरतं. कारण असं लिहिलं तरी भागतं:

‘माझा दि. १ ऑगस्टचा अर्ज जन माहिती अधिकाऱ्यांना दि. ५ ऑगस्ट रोजी मिळाला (पोस्टाची नोंद सोबत). कलम ७(१) ची मुदत दि. ४ सप्टेंबर रोजी संपली. आजपर्यंत माहिती, नकार किंवा शुल्काचे पत्र यांपैकी काहीही मिळालेले नाही. अर्जातील मुद्दा १ ते ३ ची माहिती देण्याचा आदेश व्हावा. मुदत संपल्याने कलम ७(६) नुसार ती विनामूल्य मिळावी.’

शेवटचं वाक्य विसरू नका. एरवी महाराष्ट्रात पानाला दोन रुपये लागतात आणि मोजमाप पुस्तिकेची पानं बरीच भरतात. मुदत चुकली की ते पैसे मागण्याचा हक्क कार्यालय गमावतं.

अपिलात नवी माहिती मागू नका. मूळ अर्जात रस्त्याची देयकं होती आणि अपिलात गटारांचीही घातली, तर अपील त्या भागापुरतं फेटाळलं जातं. गटारांसाठी वेगळा अर्ज करा.

अपील लिहायचं कुणाच्या नावे? जन माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरच्या हुद्द्याचा अधिकारी पहिला अपिलीय अधिकारी असतो. त्यांची नावं कार्यालयातल्या माहिती अधिकाराच्या फलकावर असायला हवीत. सापडलं नाही तर व्यक्तीचं नाव न घालता ‘प्रथम अपिलीय अधिकारी, माहिती अधिकार’ आणि कार्यालयाचा पत्ता लिहा. बदल्या होतात, पद राहतं. सोबत मूळ अर्जाची प्रत, शुल्काचा पुरावा आणि अर्ज मिळाल्याचा पुरावा, एवढंच जोडा.

एक प्रकार नेहमी होतो. अपील दाखल झालं की काही दिवसांत उत्तर येतं आणि त्यावर जावक तारीख असते मुदतीच्या आतली, म्हणजे २ सप्टेंबर वगैरे. लोक पत्र ठेवतात आणि पाकीट फेकतात. पाकीट जपा, कारण पत्र खरोखर कधी निघालं ते त्यावरचा टपाल शिक्काच सांगतो. सुनावणीला ते घेऊन जा आणि जावक नोंदवही व पोस्टाची पावती दाखवायला सांगा. माहिती का दिली नाही हे पटवून देण्याची जबाबदारी कायद्याने अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही. उत्तर अपुरं असेल तर ते मिळाल्यापासून अपिलाला पुन्हा तीस दिवस मिळतात. आधीचं अपील प्रलंबित असेल तर सुनावणीत लेखी निवेदन देऊन त्रुटी नोंदवा.

अपिलावर निर्णय तीस दिवसांत, कारणं नोंदवून फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. आपलं अपील १० सप्टेंबरला पोचलं असेल तर या तारखा १० ऑक्टोबर आणि २५ ऑक्टोबर. तिथूनही काहीच आलं नाही तर पुन्हा पहिलं अपील करायचं नाही. आता राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, नव्वद दिवसांच्या आत. मुदत कुठून मोजायची यावर वाद नको म्हणून १० ऑक्टोबरपासूनच मोजा, म्हणजे ८ जानेवारी ही सुरक्षित तारीख. पहिल्या अपिलात आदेश झाला आणि तरी कार्यालयाने माहिती दिली नाही, तर आदेश मिळाल्यापासून नव्वद दिवस. दंडाची मागणी करायची जागाही हीच.