पार्सल बंद करण्यापूर्वीची तपासणी: काट्यावर काय कळते आणि डोळ्यांनी काय पाहावे

भिंतीवर बसवायच्या धातूच्या फळीचा संच पाठवायचा आहे, असे उदाहरण घेऊ. त्यात एक फळी, डावा व उजवा असे दोन ब्रॅकेट, आठ स्क्रूंची पिशवी आणि जोडणीचे पत्रक असते.

तपासणीच्या मेजावर एका वेळी एकच ऑर्डर ठेवावी. शक्यतो ज्याने माल काढला, त्याने तो तपासू नये. तपासणाऱ्याने आधी ऑर्डर स्लिप वाचावी आणि मगच वस्तू हातात घ्यावी, कारण वस्तू आधी पाहिली की स्लिपवरही तीच लिहिली आहे असे वाटू लागते. तपकिरी फळीचा कोड SH60-BR आणि काळीचा SH60-BL असेल, तर घाईत फरक दिसतच नाही. म्हणून बारकोड स्कॅन करावा. मात्र स्कॅनर फक्त लेबल वाचतो. लेबलच चुकीचे चिकटले असेल तर ते त्याला कळणार नाही, त्यामुळे रंग आणि लांबी प्रत्यक्ष पाहणे टाळता येत नाही.

त्यानंतर फळी तिरप्या उजेडात धरून पृष्ठभागावरचे ओरखडे आणि पोचे पाहावेत व कोपऱ्यांवरून बोट फिरवावे. हे वेष्टन चढवण्यापूर्वीच करावे.

सुटे भाग राहिले आहेत का, हे वजनावरून कळते. फळी १,८५० ग्रॅम, दोन ब्रॅकेट ४८०, स्क्रूंची पिशवी ६०, पत्रक १० आणि खोका व भरण ३०० असे धरल्यास एकूण २,७०० ग्रॅम होतात. अचूक भरलेली दहा पार्सले तोलून नेहमीचा फरक ठरवावा. तो १५ ग्रॅम निघाला, तर २,६४० भरणाऱ्या पार्सलात पिशवी नाही हे लगेच लक्षात येते. परंतु ७ ग्रॅमचा एखादा स्क्रू कमी असेल, तर तो या फरकात लपतो. म्हणून पिशव्या आधीच एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेल्या लहान काट्यावर तोलाव्यात; ५३ ग्रॅम म्हणजे एक स्क्रू कमी. दोन्ही ब्रॅकेट डावेच असतील, तर वजन बरोबरच येईल. त्यामुळे ते जोडीने समोरासमोर ठेवून पाहावे लागतात.

खोका बंद केल्यावर तो हलकेच तिरका करावा. आत काही सरकल्याचा आवाज आला, तर भरण अपुरे आहे. पत्त्याचे लेबल सर्वांत शेवटी लावावे.

वजन कमी भरल्यास नवी पिशवी टाकून पार्सल पुढे ढकलू नये. खोका उघडून सर्व भाग मोजावेत आणि त्याच्या आधी भरलेली दोन-तीन पार्सलेही पुन्हा तोलावीत. त्यांतले एखादे २,७६० ग्रॅम भरले, तर हरवलेली पिशवी बहुधा त्यातच सापडते.