आयआरआर ३० टक्के असूनही मागे पडलेला प्रकल्प

नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्याकडे दोन प्रस्ताव आले. जागा एकच होती, म्हणजे दोन्हींपैकी एकच घेता येणार होता. आकडे सोपे करून सांगतो. दोन्हींत आज १०० गुंतवायचे. ‘अ’ वर्षाअखेर १३० देऊन संपतो. ‘ब’ दोन वर्षं काहीच देत नाही आणि तिसऱ्या वर्षाअखेर एकदम १७५ देतो. भांडवलाचा खर्च, म्हणजे पैसा उभा करायला वर्षाला पडणारा दर, १० टक्के.

आयआरआर म्हणजे ज्या वार्षिक दराने पुढच्या रकमांची आजची किंमत गुंतवणुकीइतकीच भरते तो दर. ‘अ’चा आयआरआर ३० टक्के, ‘ब’चा साडेवीस. एनपीव्ही, म्हणजे भांडवलाच्या खर्चाच्या दराने काढलेली पुढच्या रकमांची आजची किंमत वजा गुंतवणूक, मात्र उलटा: ‘अ’ १८.२, ‘ब’ ३१.५. मी ‘अ’ची शिफारस केली. टिपण वाचून साहेबांनी एवढंच विचारलं, “एका वर्षाने आलेले ते १३० पुढची दोन वर्षं कुठे ठेवशील?”

मी गणित मांडलं. १० टक्क्यांनी ठेवले तर १३० चे १५७ होतात, ‘ब’च्या १७५ पेक्षा कमी. ३० टक्क्यांनी वाढले तर जवळपास २२०. आयआरआर काढताना पुनर्गुंतवणुकीचं काहीच गृहीत धरावं लागत नाही. पण ३० मोठे म्हणून ‘अ’ निवडला, की ते पैसे पुढेही तसेच वाढतील असं आपण नकळत मानून बसतो.

मग दोन्हींतला फरक घ्यायचा, ‘ब’ वजा ‘अ’: पहिल्या वर्षी १३० सोडायचे, तिसऱ्या वर्षी १७५ घ्यायचे. या फरकाचा आयआरआर १६ टक्के येतो. भांडवलाचा खर्च त्याहून कमी असेल तर ‘ब’, जास्त असेल तर ‘अ’. इथे १० टक्केच होता, म्हणून ‘ब’. “पण पुढच्या वर्षी २० टक्क्यांचा प्रकल्प मिळाला तर?” असं वाटेल. १० टक्क्यांनी पैसा उभा करता येत असेल, तर तो प्रकल्प ‘ब’ घेऊनही करता येतो. पैसा उभाच राहत नसेल, तरच ‘अ’चे लवकर येणारे १३० खरे मोलाचे.

फरक काढल्यावर मी आधी रकमांची अधिक-उणे चिन्हं बघतो, कारण ती एकाहून जास्त वेळा बदलली तर आयआरआरही एकाहून जास्त येऊ शकतात. शेवटी जागा पूर्ववत करण्याचा खर्च असेल, तर ती दोनदा बदलतात. उदाहरणार्थ −१००, +२३०, −१३२. हे आकडे A1 ते A3 मध्ये टाकून बघा:

```
=IRR(A1:A3)
=IRR(A1:A3,0.25)
```

पहिलं सूत्र १० टक्के सांगतं, दुसरं २०. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि एक्सेल कुठलीही सूचना देत नाही. इथे भांडवलाचा खर्च ५ टक्के असेल तर एनपीव्ही उणे येतो, १५ असेल तर शून्याच्या किंचित वर. भांडवल महागलं आणि प्रकल्प सुधारला, असं दिसतं. कारण शेवटच्या १३२ चं आजचं ओझं जास्त दराने हलकं होतं.