बातमीदाराच्या वहीतून अवतरणं उतरवताना या चुका टाळा

मुलाखतीची वही टाइप करायला बसलं की हात आपोआप वाक्यं पूर्ण करायला लागतो. वहीत असतं 'उद्या या म्हण', आपण टाइप करतो 'उद्या या, असं ते म्हणाले'. ते तसं म्हणाले असतीलही, पण वहीत तसं नाही. मुलाखत रेकॉर्ड केलेली नसेल तर पुरावा म्हणून ती वही एवढंच हाताशी असतं. अवतरणचिन्हांत टाकलेला आपल्या पदरचा एक शब्दसुद्धा बोलणाऱ्याच्या नावावर जमा होतो.

मी वर्तमानपत्रांसाठी आणि सुट्या पत्रकारांसाठी अशा वह्या उतरवून देते. मागे एका बातमीदार मैत्रिणीची वही आली होती. ऊसतोड जोडप्याशी त्यांच्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, बसून केलेलं बोलणं होतं. पान १४ वर या चार ओळी होत्या:

मु. १० ह. वाढवून सांगतो
"हिशेब कागदावर नाही"
– मी गेले विचारायला, उद्या या म्हण
* व्याज लावतो का? विचारणे

माझ्या आधी कोणीतरी घाईत याचा मसुदा केला होता, तो असा: बाई म्हणाल्या, "मुकादम नव्वद हजार वाढवून सांगतो. हिशेब कागदावर नाही. मी विचारायला गेले तर उद्या या म्हणाले. वर तो व्याजही लावतो."

वाचायला छान, पण चारही ओळींत चूक आहे.

आकडा

देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ हाताच्या अक्षरात जुळ्या भावांसारखे दिसतात. तसंच देवनागरी चार आणि इंग्रजी आठ यांचं. बरेच बातमीदार एकाच पानावर दोन्ही लिपींतले आकडे मिसळून लिहितात, म्हणून दहाचे नव्वद होतात. इथे त्यामुळे एका माणसावर ऐंशी हजारांचा जास्तीचा आरोप झाला असता.

यावर माझा एक ठरलेला उपाय आहे. त्याच वहीतला मोबाइल नंबर शोधायचा. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, एकने नाही. त्यामुळे नंबराच्या सुरुवातीला तो गोल शेंड्याचा आकडा असेल तर तो नक्की नऊ, आणि त्या हाताचा नऊ कसा असतो ते कळतं. मैत्रिणीचा नऊ सरळ दांडीचा होता आणि पान १४ वरच्या आकड्याची शेपटी वळलेली होती. पण नुसत्या शेपटीवर भरवसा ठेवून मी थांबत नाही. पान १६ वर 'उचल ६० घेतली, ७० लावली' अशी ओळ सापडली, म्हणजे आगाऊ घेतले साठ हजार आणि हिशेबात धरले सत्तर, तेव्हा दहावर शिक्कामोर्तब झालं. अशी दुसरी ओळ मिळाली नसती तर मी [१०? / ९०?] असंच ठेवलं असतं.

कोण बोललं

नवरा आणि बायको दोघंही बोलत होते आणि वहीत नावं नव्हती, फक्त डॅश होते. डॅश म्हणजे बोलणारा बदलला की नुसता नवा मुद्दा, हे ज्याची वही त्यालाच माहीत. आधी तेच विचारून घ्यायचं. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. 'मु.' म्हणजे मुकादम, मुलगी की मुख्यमंत्री, हेसुद्धा प्रत्येक वहीत नव्याने ठरवावं लागतं.

मराठीत क्रियापद थोडी मदत करतं. 'मी सांगितलं' यावरून पुरुष की बाई कळत नाही, पण 'मी गेले' आणि 'मी गेलो' यांतून कळतं. अडचण अशी की घाईच्या अक्षरात या दोघांत फरक फक्त एका कान्याचा असतो, आणि तो काना पुढच्या 'वि'च्या वेलांटीत सहज मिसळून जातो. मसुदा करणाऱ्याने ही एक ओळ बाईंची धरली आणि तिच्या आधारावर चारही ओळी बाईंच्या तोंडी घातल्या. खरं तर एका ओळीचा वक्ता तेवढ्या ओळीपुरताच. कोल्हापूरकडची मुलाखत असेल तर ही खूण सोडूनच द्या, तिकडे बायकाही सर्रास 'मी गेलो' म्हणतात.

वक्ता नक्की नसेल तर [वक्ता?] असं लिहायचं. जास्त बोललेल्या माणसाच्या नावावर ओळ ढकलायची नाही.

अवतरणचिन्हं वहीत आहेत का?

या मैत्रिणीची पद्धत चांगली होती. शब्दशः घेतलेलं तेवढंच ती अवतरणात टाकायची, बाकी सगळा सारांश. म्हणजे चार ओळींत खरं अवतरण एकच. पहिली ओळ सारांश होती, तिला चिन्हं लावणं म्हणजे मैत्रिणीचे शब्द त्या माणसांच्या तोंडी घालणं. तारांकित ओळ तर तिने स्वतःसाठी लिहिलेला प्रश्न होता, मसुद्यात तो थेट आरोप झाला. स्वतःच्या नोंदीला बातमीदार कधी चौकट करतात, कधी समासात लिहितात, कधी काहीच खूण करत नाहीत. शेवटी 'विचारणे', 'बघणे', 'फोटो?' असं काही दिसलं की थबकायचं.

म्हणून मी सगळं एका बैठकीत करत नाही. पहिल्या फेरीत वही जशी आहे तशी, संक्षेप न सोडवता, पान आणि ओळ क्रमांकासह. दुसऱ्या फेरीत संक्षेप आणि शंका चौकटी कंसात. गोल कंस वापरत नाही, कारण ते बातमीदार स्वतःच वापरतात आणि मग कोणाचा कंस कोणता ते कळत नाही. ते पान असं झालं:

१४/१ मु[कादम] १० ह[जार] वाढवून सांगतो [सारांश, वक्ता?; आकडा १६/४ शी जुळतो]
१४/२ "हिशेब कागदावर नाही" [वक्ता?]
१४/३ मी [गेले? / गेलो?] विचारायला, उद्या या म्हण[अपूर्ण]
१४/४ [बातमीदाराची नोंद] व्याज लावतो का? विचारणे

अजिबात न लागणाऱ्या जागी [अस्पष्ट, २ शब्द] असं मोजून लिहिते. नुसती तीन टिंबं दिली तर वाचणाऱ्याला वाटतं, आपणच मजकूर गाळला.

बोलीबद्दलही सांभाळून राहा. वहीत 'न्हवतं' असेल तर ते 'नव्हतं' करू नका. उलट, वहीत प्रमाण मराठी असेल तर बोलणारे ऊसतोड कामगार आहेत म्हणून त्यांच्या तोंडी गावरान ठसका घालू नका. दोन्हीकडे शब्द बदलतातच.

मग मैत्रिणीने फोन लावला. इथेही एक चूक होते: "तुम्हीच गेला होता ना विचारायला?" असं विचारलं की समोरचा हो म्हणून मोकळा होतो. तिने विचारलं, "हिशेब विचारायला कोण गेलं होतं?" बाई गेल्या होत्या. हिशेब कागदावर नसल्याचं वाक्य मात्र नवऱ्याचं होतं. व्याजाचं दोघांनीही नाही म्हणून सांगितलं. फोनवर मिळालेलं उत्तर वहीच्या ओळीत मिसळलं नाही, [फोनवरून] अशी खूण आणि तारीख टाकून खाली वेगळं लिहिलं.

शंकेचं चिन्ह सगळ्यात जास्त गळतं ते प्रत करताना. बातमी एका फाइलमधून दुसरीत जाते, कोणीतरी 'स्वच्छ' करतं आणि [गेले?] चं गेले होऊन बसतं. त्यामुळे ज्या वाक्यात एकही प्रश्नचिन्ह उरलंय, ते अवतरण म्हणून मी पुढे पाठवतच नाही. ते 'असं या जोडप्याचं म्हणणं आहे' या वळणाने जातं, किंवा जात नाही. छापून आलं ते असं: मुकादम उचलीत दहा हजार वाढवून सांगतो, असं या जोडप्याचं म्हणणं आहे. "हिशेब कागदावर नाही," नवरा म्हणाला. विचारायला बायको गेली होती.

'उद्या या' कोण म्हणालं ते फोनवरही नीट कळलं नाही, म्हणून ती अर्धी ओळ वहीतच राहिली.