या चुका टाळा: एकॉस सुधारला, पण गल्ल्यात किती उरले?

सोलापुरातील चादरी आणि टॉवेलचे अनेक उत्पादक आता मार्केटप्लेसवर थेट ग्राहकाला माल विकतात. स्पॉन्सर्ड जाहिरातींचा हिशेब करताना त्यांच्याकडून होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे केवळ एकॉस पाहून जाहिरात कमी करणे. एकॉस म्हणजे जाहिरातीवरील खर्चाचे जाहिरातीतून आलेल्या विक्रीशी असलेले प्रमाण. तोच खर्च जाहिरातीविना झालेल्या, म्हणजे ऑर्गॅनिक विक्रीसह एकूण विक्रीशी ताडून पाहिला की टॅकॉस मिळतो.

एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एक कारखानदार 600 रुपयांची डबल चादर विकतो. सूत, विणाई, पॅकिंग, कमिशन, कुरिअर, कर आणि परत येणारा माल हे सारे वजा जाता जाहिरातीपूर्वी त्याच्या हाती 150 रुपये, म्हणजे 25 टक्के उरतात. जानेवारीच्या चार आठवड्यांत त्याने जाहिरातीवर 18,000 रुपये खर्च केले. जाहिरातीतून 60,000 रुपयांची आणि ऑर्गॅनिक 90,000 रुपयांची विक्री झाली. एकॉस 30 टक्के आला. मार्जिन 25 असताना 30 टक्के खर्च म्हणजे तोटाच, असे समजून त्याने पुढील चार आठवड्यांसाठी खर्च 6,000 रुपयांवर आणला.

आता जाहिरातीतून 30,000 रुपयांची विक्री झाली आणि एकॉस 20 टक्क्यांवर उतरला. टॅकॉसही 12 टक्क्यांवरून सुमारे 6.7 टक्क्यांवर आला. मात्र ऑर्गॅनिक विक्री 60,000 रुपयांपर्यंत घसरली. आधी 1,50,000 रुपयांच्या विक्रीवरील 37,500 रुपयांच्या मार्जिनमधून जाहिरातखर्च जाऊन 19,500 रुपये उरत होते. आता 90,000 रुपयांवरील 22,500 रुपयांतून 6,000 रुपये वजा जाऊन 16,500 रुपयेच उरले. दोन्ही टक्केवाऱ्या सुधारल्या आणि उरलेली रक्कम 3,000 रुपयांनी कमी झाली. म्हणून टॅकॉसलाही अंतिम निवाडा मानू नये. जाहिरातखर्च वजा जाता रुपयांत काय उरले, हा रकाना वहीत असलाच पाहिजे.

ऑर्गॅनिक विक्री का घसरते? शोधाच्या निकालात कोणते उत्पादन वर दिसावे हे ठरताना त्याची अलीकडची विक्रीही विचारात घेतली जाते आणि जाहिरातीतून झालेली विक्री त्यात भर घालते. जाहिरात आटली की उत्पादन त्याच दिवशी खाली जाते असे नाही, ते काही आठवड्यांत हळूहळू उतरते. त्यामुळे पहिल्या आठवड्याचे आकडे पाहून ‘खर्च वाचला, विक्री तशीच राहिली’ असा आनंद मानणे घाईचे ठरते.

येथे दुसरी चूक डोके वर काढते आणि ती अधिक फसवी आहे. फेब्रुवारीत थंडी ओसरते, चादरीची मागणी तशीही कमी होते. मग झालेली सगळी घट जाहिरात कमी केल्यामुळेच झाली, असे कसे म्हणावे? यासाठी त्याच किमतीची, जाहिरातखर्चात काहीही बदल न केलेली दुसरी चादर शेजारी ठेवून पाहावी. समजा, तिची एकूण विक्री याच काळात 10 टक्क्यांनी घटली. मग पहिल्या चादरीची विक्रीही खर्च न घटवता 1,35,000 रुपयांच्या आसपास राहिली असती. मार्जिन 33,750 रुपये आणि 18,000 रुपयांचा खर्च वजा जाता 15,750 रुपये उरले असते. प्रत्यक्षात 16,500 रुपये उरले. म्हणजे चुकीच्या आकड्यावरून घेतलेला निर्णय 750 रुपयांनी का होईना, बरोबर निघाला! एवढ्या फरकावर मात्र कोणताही ठाम निष्कर्ष काढू नये. आणखी चार आठवडे तोच खर्च ठेवून पाहणे शहाणपणाचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हेच उलट घडते: मागणी हंगामामुळे वाढते, टॅकॉस उतरतो आणि श्रेय जाहिरातीला मिळते.

आकडे कोठून घेतले, यावरही बरेच अवलंबून असते. अमेझॉनवर विक्रेत्यांच्या स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स जाहिरातींमध्ये क्लिकनंतरच्या 7 दिवसांतील खरेदी जाहिरातीच्या नावे लागते, त्यामुळे काल संपलेल्या आठवड्याचा हिशेब आज पूर्ण नसतो. शिवाय निळ्या टॉवेलच्या जाहिरातीवर क्लिक करून ग्राहकाने तुमचाच पांढरा टॉवेल घेतला, तर ती विक्री अहवालात `7 Day Other SKU Sales` या रकान्यात येते. म्हणून टॅकॉस एकेका रंगाचा न काढता त्या टॉवेलच्या सर्व रंगांचा मिळून काढावा.

स्वतःच्या ब्रँडच्या नावावर लावलेली जाहिरात हा वेगळाच प्रकार आहे. तिचा एकॉस अत्यंत कमी दिसतो, कारण तुमचे नाव टाइप करणारा ग्राहक बहुधा तुमच्याकडेच यायला निघालेला असतो. अशा जाहिराती वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवाव्यात, अन्यथा त्या इतर जाहिरातींचा वाईट एकॉस सरासरीत झाकतात. तीन-चार आठवडे त्या बंद करून ब्रँडची एकूण विक्री ढळली नाही, तर तो खर्च अनाठायी होता. पण आपले नाव शोधल्यावर वर दुसऱ्याच कारखान्याचा टॉवेल दिसू लागला आणि विक्री उतरली, तर त्या पुन्हा सुरू कराव्यात.